नाण्यावरच्या दोन शब्दांच्या पुढे काय आहे?

दोस्तांनो, खिशात एखादं नाणं असेल तर काढा बरं बाहेर. अलीकडचं, नवं असेल तर उत्तम. एका बाजूला सिंह दिसतील. त्या सिंहांच्या खाली, डोळे बारीक करून वाचावे लागतील असे दोन शब्द आहेत : सत्यमेव जयते. तुम्ही ते शेकडो वेळा पाहिलेत, वाचलेत. पण माकणीच्या एका मुलानं मला त्या दोन शब्दांवरून असा काही प्रश्न विचारला, की मला घरी येऊन पुस्तकं उघडावी लागली.

माकणी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातलं गाव. तेरणा नदीवर इथं धरण आहे, 'निम्न तेरणा' या नावाचं. उन्हाळ्यात पाणी खाली उतरलं, की काठाला मोकळं रान उघडं पडतं आणि पोरांना आयतंच मैदान मिळतं. मी धरण बघायला गेलो होतो. तिथं एक सामना नुकताच संपला होता. जिंकलेली पोरं नाचत होती. हरलेल्यांपैकी एक जण मात्र बाजूला, बॅट मांडीवर घेऊन एकटाच बसला होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

विचारलं तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. शेवटचं षटक होतं. जिंकायला पाच धावा हव्या होत्या. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला. पंच यांच्याच गटातला. त्याला काही ऐकू आलं नाही. त्यानं बाद दिलं नाही. पण हा स्वतःच म्हणाला, "लागला होता," आणि निघून आला. पुढचे दोघं पटापट गेले. सामना तीन धावांनी हातचा गेला.

"काका, मी खरं बोललो अन् आम्ही हरलो," तो म्हणाला. "ज्या नाण्यानं टॉस केला ना, त्याच्यावरच लिहिलंय, सत्यमेव जयते. मग सत्य कुठं जिंकलं?"

आता सांगा, काय उत्तर द्यायचं? "अरे, शेवटी सत्यच जिंकतं बरं का," असं म्हणणं सोपं होतं. पण तो दुसरीतला नव्हता, नववीतला होता. त्यानं लगेच विचारलं असतं, "शेवटी म्हणजे कधी?" म्हणून मी त्याला एवढंच म्हणालो, की ते दोन शब्द म्हणजे वाक्याची फक्त सुरुवात आहे. पुढचं वाचल्याशिवाय भांडण सोडवता यायचं नाही. चला, तेच पुढचं आज आपण वाचू.

सिंह एकीकडचे, शब्द दुसरीकडचे

आधी एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळांना वाटतं, की हे शब्द सम्राट अशोकानं कोरले. तसं नाही. सिंह अशोकाचे आहेत. वाराणसीजवळच्या सारनाथला, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्यानं उभारलेल्या खांबाच्या माथ्यावरचे. पण त्या दगडावर हे दोन शब्द नाहीत. २६ जानेवारी १९५० रोजी भारतानं सिंहमुद्रा राजचिन्ह म्हणून स्वीकारली, तेव्हा तिच्याखाली हे शब्द देवनागरीत आले. सिंह आले शिल्पातून आणि शब्द आले एका उपनिषदातून.

त्या उपनिषदाचं नाव मुंडक. ते अथर्ववेदाचं उपनिषद आहे. त्याचे तीन भाग आहेत आणि भागांनाही मुंडकच म्हणतात. प्रत्येक मुंडकाचे दोन खंड. सुरुवातीला शौनक नावाचा एक मोठा गृहस्थ अंगिरस ऋषींकडे येतो आणि विचारतो, की असं काय आहे, जे एक कळलं की हे सगळंच कळतं? बाकीचं सारं उपनिषद हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. म्हणजे बघा, तिथं कुणाचं भांडण चाललेलं नाही, न्यायनिवाडा नाही, सामना नाही. एक माणूस काहीतरी शोधतो आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आपले दोन शब्द येतात तिसऱ्या मुंडकाच्या पहिल्या खंडात, सहाव्या मंत्राच्या अगदी सुरुवातीला.

कोण जिंकतं?

मंत्रातला तिसरा शब्द नाण्यावर नाही. तो आहे 'नानृतम्'. न अधिक अनृतम्. अनृत म्हणजे खोटं. सत्यच जिंकतं, खोटं नाही, असा सरळ अर्थ झाला. शाळेत आपण हाच शिकतो आणि राजचिन्हाखाली तो याच अर्थानं लिहिलेला आहे.

पण तुमच्यापैकी ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलंय, त्यांनी 'वन' शब्द आठवा. प्रथमा : वनम्, वने, वनानि. द्वितीया : वनम्, वने, वनानि. अगदी सारखी! नपुंसकलिंगी नामात कर्ता आणि कर्म दिसायला एकच असतात. 'सत्य' हा शब्दही नपुंसकलिंगीच आहे. त्यात संस्कृतमध्ये कर्ता गाळला तरी चालतो. क्रियापदावरून 'तो' समजून घ्यायचा.

मराठीत बघा, 'वासरू ओढतं' एवढंच कुणी म्हणालं, तर वासरू दावं ओढतंय, की एखादं पोरगं वासराला ओढतंय? दोन्ही होऊ शकतं. मागचं-पुढचं ऐकल्याशिवाय कळत नाही. 'सत्यमेव जयते'चं तसंच आहे. सत्य जिंकतं, असंही होतं आणि तो सत्यच जिंकतो, म्हणजे जिंकून मिळवतो, असंही होतं. जर्मन पंडित पॉल हाकर यांनी हा दुसरा अर्थ मांडला. पॅट्रिक ऑलिव्हेल या अभ्यासकांनी उपनिषदांच्या आपल्या इंग्रजी भाषांतरातही तोच घेतला आहे.

नुसती व्याकरणाची गंमत वाटली ना? पण पुरावाही आहे. याच खंडात, चारच मंत्र पुढे, दहाव्या मंत्रात 'जयते' हेच क्रियापद पुन्हा आलंय. तिथं 'लोक' हा शब्द आहे, तो पुल्लिंगी. त्यामुळे त्याची द्वितीया ताबडतोब ओळखू येते : 'लोकम्'. ज्याचं मन स्वच्छ आहे तो ज्या लोकाची इच्छा धरतो तो लोक जिंकतो, असं तिथं म्हटलंय. तिथं तरी जिंकणारा माणूस आहे आणि लोक ही त्यानं मिळवलेली गोष्ट आहे, यात वादच नाही. शिवाय सहाव्याच्या अगदी आधी, पाचव्या मंत्रात सांगितलंय, की आत्मा सत्यानं, तपानं, नीट ज्ञानानं 'लभ्य' आहे. लभ्य म्हणजे मिळवता येण्याजोगा. आधी मिळवणं, नंतरही मिळवणं. मग मधला मंत्रही मिळवण्याबद्दलच असावा, असं या लोकांचं म्हणणं.

मग जुने टीकाकार काय म्हणतात? शंकराचार्यांनी या मंत्रावर लिहिताना एक फार साधी अडचण काढली आहे. माणसाचा आधार नसलेलं नुसतं सत्य आणि नुसतं असत्य यांचा जय-पराजय व्हायचा कसा? ती काही मैदानात उतरत नाहीत. म्हणून 'सत्य' म्हणजे इथं सत्यानं वागणारा माणूस, असं ते सांगतात. तो जिंकतो, खोटं बोलणारा नाही. खोटारडा खऱ्यापुढे हरतो हे जगात दिसतंच, असंही ते म्हणतात.

म्हणजे तीन वाचनं झाली. सत्य जिंकतं. सत्यानं वागणारा जिंकतो. किंवा माणूस जे खरोखर जिंकून मिळवतो, ते सत्यच असतं. खोटं मिळालं तर ते मिळणंच नव्हे. पहिली दोन घेतली, तर माकणीच्या मुलाचा प्रश्न तसाच उभा राहतो, कारण तो तर खरं बोलून हरला होता. तिसरं वाचन घेतलं, तर मात्र प्रश्नच बदलतो. कोण जिंकलं, हे विचारण्याऐवजी काय मिळालं, हे विचारावं लागतं.

ताणलेली वाट

आता मंत्र पुढे वाचू. लगेच येतो तो 'पन्था', म्हणजे वाट. कशी वाट? 'वितत', म्हणजे पसरलेली, लांबवर ताणलेली. यातला धातू आहे 'तन्'. आपले तंतू आणि गाण्यातली तान हे त्याच घरचे शब्द. विणकर मागावर धागे लांब ताणून ठेवतो, तशी ही वाट सत्यानं ताणून ठेवलेली आहे, असं मंत्र म्हणतो. तिचं नाव 'देवयान', देवांकडे नेणारी.

मग येतं 'आक्रमन्ति'. आपण हल्ली आक्रमण म्हणजे हल्ला समजतो, पण मुळात ते पाऊल टाकणं आहे. वाट आक्रमणे, असं आपण मराठीत अजूनही म्हणतोच की! त्या वाटेनं चालतात ऋषी, आणि ते कसे? 'आप्तकाम'. ज्यांना हवं ते मिळालंय, ज्यांची आता कसली हाव उरलेली नाही, असे. आणि वाट जाते कुठं? जिथं सत्याचं परम 'निधान' आहे तिथं. निधान म्हणजे ठेव, नीट जपून ठेवलेला ठेवा.

पाहिलंत? नाण्यावर जिंकणं आहे, पण पुऱ्या मंत्रात ते एकदाच येऊन जातं. बाकी सगळी आहे ती वाट, तिच्यावरचं चालणं, चालणारी माणसं आणि शेवटी ठेवा. आणि एक गोष्ट तिथं नाही, तीही बघा : तारीख. सत्य संध्याकाळपर्यंत जिंकेल, सामना संपायच्या आत जिंकेल, असं वचन त्या मंत्रात कुठंच दिलेलं नाही.

आपल्यासारखंच बोधवाक्य चेक देशाचंही आहे. तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या ध्वजावर 'सत्य जिंकतं' अशाच अर्थाचे दोन चेक शब्द आहेत. ते यान हुस या धर्मसुधारकाच्या आठवणीशी जोडलेले आहेत. आणि या हुसचं काय झालं? आपलं म्हणणं मागे घ्यायला त्यानं नकार दिला, म्हणून १४१५ साली त्याला जिवंत जाळलं. त्या दिवशी कुणी धावफलक पाहिला असता, तर सत्य सपशेल हरलेलंच दिसलं असतं.

तेरणेच्या वरच्या अंगाला

आता तुम्हांला माकणीहून नदीच्या वरच्या अंगाला नेतो. याच तेरणेच्या काठी, याच जिल्ह्यात, तेर आहे. प्राचीन काळी ते तगर नावानं मोठं व्यापारी गाव होतं. पण आपल्याला ते ठाऊक आहे संत गोरा कुंभारांचं गाव म्हणून. त्यांची एक कथा वारकरी परंपरेत घरोघर सांगतात. तुम्ही ऐकली असेल, तरी आता आपल्या मंत्राशेजारी ठेवून पुन्हा ऐका.

गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली होती. ज्ञानेश्वर होते, मुक्ताबाई होत्या, नामदेव होते. मुक्ताबाईंचं लक्ष तिथल्या थापटण्याकडे गेलं. हे कशाला, त्यांनी विचारलं. गोरोबांनी सांगितलं, की यानं मडकं कच्चं की पक्कं ते बघतात. तुम्हीही मडकं विकत घेताना बोटानं वाजवून बघता ना? नीट भाजलेलं असेल तर खणखणीत वाजतं. कच्चं राहिलं असेल, नाहीतर बारीक चीर गेली असेल, तर बद्द आवाज येतो. वरून रंग दोन्हींचा सारखाच. फरक आवाजात कळतो.

मुक्ताबाई म्हणाल्या, मग आम्हीही मडकीच की, आमचीही परीक्षा करा! गोरोबा थापटणं घेऊन उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत निघाले. सगळे गप्प बसून राहिले. नामदेवांची पाळी आली, तेव्हा त्यांना राग आला. गोरोबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं : हे मडकं कच्चं आहे.

विचार करा, केवढा अपमान! नामदेव म्हणजे प्रत्यक्ष विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो असे भक्त. भरल्या सभेत ते हरले. कथा सांगते, की ते रागारागानं पंढरपूरला गेले आणि त्यांनी विठ्ठलापाशी तक्रार केली. पण तिथंही तेच उत्तर मिळालं : तू अजून कच्चाच आहेस, विसोबा खेचरांकडे जा.

त्या सभेत जिंकलं कोण? 'सत्य जिंकलं' म्हणायचं तर म्हणता येईल. पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या दिवशी नामदेवांच्या हाती एक सत्य आलं, आपण कच्चे आहोत हे. ते कडू होतं, पण खरं होतं. कुणी तोंडदेखलं 'पक्कं' म्हटलं असतं, तर त्यांचा मान राहिला असता आणि हातात काहीच आलं नसतं. तिसरं वाचन आठवतंय ना? सत्यच मिळतं, अनृत नाही. आणि ते मिळाल्यावर काय झालं? वाट सुरू झाली. नामदेव उठले आणि चालू लागले.

सातवा मंत्र

ही वाट गेली औंढ्या नागनाथाला, अशी परंपरा आहे. तिथं देवळात नामदेव बघतात तो काय, विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! नामदेव म्हणाले, देवावरचे पाय काढा. विसोबा म्हणाले, मी म्हातारा झालोय, जिथं देव नसेल तिथं तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तिथं पिंड. तिसरीकडे ठेवले, तिथंही पिंड. देव पंढरपुरात आहे आणि या पिंडीत आहे, पण मधल्या जागेत नाही, असं ज्याला वाटत होतं, त्याला जागाच सापडेना.

आता मुंडकाचा पुढचा, सातवा मंत्र काय सांगतो ते पाहा. सहावा मंत्र संपला तो सत्याच्या ठेव्यापाशी. साहजिकच आपल्याला वाटतं, की हा ठेवा कुठंतरी लांब असणार, एवढी लांब वाट आहे म्हणजे! सातवा मंत्र त्या ठेव्याचंच वर्णन करतो. ते अफाट मोठं आहे, मनात मावणार नाही असं. आणि बारकाहूनही बारीक आहे. लांबच्याहून लांब आहे. आणि इथंच, जवळ आहे. जे बघू शकतात त्यांच्या आतल्या गुहेतच ते ठेवलेलं आहे. गुहा म्हणजे हृदय, असा अर्थ टीकाकार सांगतात.

'ठेवलेलं' यासाठी मंत्रात शब्द आहे 'निहित'. आणि सहाव्या मंत्रातला शेवटचा शब्द होता 'निधान'. दोन्ही एकाच 'नि' आणि 'धा'पासून झालेले, एकाच घरातले. जणू सहावा मंत्र म्हणतो, ठेवा त्या वाटेच्या टोकाला आहे. आणि सातवा हळूच सांगतो, तो ठेवलाय तुझ्यातच. नाण्यावरचे दोन शब्द वाचून थांबलो, तर हे कधीच कळत नाही.

पुन्हा धरणाच्या काठावर

मग त्या मुलाला मी काय सांगणार? एक तर खरं ते कबूल करणार : हो, तू हरलास. तीन धावांनी हरलास आणि तो आकडा बदलणार नाही. मुंडकातला सहावा मंत्र वाचून तो बदलत नाही. राजचिन्हाखालचे शब्द न्यायालयात, कचेरीत, नोटेवर असतात, ते देशानं स्वतःला घातलेली अट म्हणून. तिथं सत्य जिंकायलाच हवं आणि ते जिंकेल हे बघणं माणसांचं काम आहे. शंकराचार्यांनी म्हटलंच आहे, माणसाशिवाय नुसतं सत्य लढायला येत नाही. त्या मैदानात 'लागला होता' म्हणायला एक तोंड लागलं. ते तुझं होतं.

दुसरं, गप्प राहिला असतास तर काय मिळालं असतं? कदाचित सामना. पण तो जिंकलेला सामना तुझ्यापुरता बद्द वाजला असता. बाकी कुणाला ऐकू आलं नसतं. तुला मात्र प्रत्येक वेळी आलं असतं, कारण चेंडू लागल्याचा आवाज फक्त तूच ऐकला होतास.

आणि मित्र बोलत नाहीत, त्याचं काय? त्याला मंत्रात उत्तर नाही. वाट ताणलेली आहे, एवढंच तिथं सांगितलंय. नामदेवांनाही रागावून पंढरपूरपर्यंत जावं लागलं होतं.

मी निघालो तेव्हा तो अजून तिथंच बसला होता. दुसऱ्या सामन्यासाठी गट पडत होते. जिंकलेल्या गटाचा कप्तान लांबूनच ओरडला, "ए, तू पंच होतोस का? तू खोटं देणार नाहीस."

तो उठला आणि बॅट ठेवून गेला.